“बाप्पा रागावला का?” : लहान मुलाला प्रार्थना शिकवताना भीती आणि घोकंपट्टी कशी टाळावी

मागच्या पावसाळ्यात माझ्या साडेपाच वर्षांच्या भाचीला दोन दिवस सणकून ताप होता. तिसऱ्या दिवशी ताप उतरला, तिने मऊ भात खाल्ला, आणि मग माझ्या मांडीवर डोके ठेवून हळू आवाजात विचारले, “मावशी, मी त्या दिवशी शुभंकरोति म्हटलं नव्हतं, म्हणून बाप्पा रागावला का गं?”

त्या घरात कोणी कडक नाही आणि मुलीवर कोणी ओरडतही नाही. परंतु ताप येण्याच्या आदल्या संध्याकाळी दिव्यापाशी ती टंगळमंगळ करत होती, तेव्हा “म्हण पटकन, नाहीतर बाप्पा रागावेल हं” हे वाक्य मीच बोलले होते. माझ्या दृष्टीने ती बोलण्याची एक सवय होती. तिने मात्र ते वाक्य आणि ताप यांची सांगड घालून दोन दिवस मनात ठेवली होती.

लहान मुलांना प्रार्थना शिकवावी का, हा प्रश्न प्रत्येक कुटुंबाने आपल्यापुरता सोडवायचा असतो. ज्यांना ती शिकवायची आहे त्यांच्यापुढचा प्रश्न वेगळा आहे. मुलाच्या मनात भीती न घालता, आणि नुसत्या घोकलेल्या शब्दांवर न थांबता, ती कोणत्या वयात कशी शिकवावी? निरनिराळ्या धर्मपरंपरांनी या प्रश्नाचा विचार फार पूर्वीपासून केलेला आहे, आणि त्यांची उत्तरे एकमेकांच्या बरीच जवळ येतात.

मुलाच्या डोक्यात प्रार्थना म्हणजे काय असते?

१९६७ साली मानसशास्त्रज्ञ डेव्हिड एल्काइंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील पाच ते बारा वर्षांच्या मुलांना प्रार्थनेविषयी साधे प्रश्न विचारले. प्रार्थना म्हणजे काय, कुत्रीमांजरे प्रार्थना करतात का, आपण मागितलेले मिळाले नाही तर काय करावे, अशा स्वरूपाचे ते प्रश्न होते. उत्तरांत वयानुसार तीन टप्पे दिसले. पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठी प्रार्थना म्हणजे देवाशी कसे तरी जोडलेले काही ठरावीक शब्द होते. सात ते नऊ या वयात ती एक कृती झाली, म्हणजे ठरलेल्या वेळी केलेले, बहुधा वस्तूंसाठीचे मागणे. साधारण नऊ वर्षांनंतर मुले तिच्याकडे मनातल्या मनात केलेले खाजगी बोलणे म्हणून पाहू लागली आणि तिच्यात इतरांसाठी मागणे येऊ लागले.

ही मुले अमेरिकेतील होती, त्यामुळे वयाच्या रेषा आपल्या घरी थोड्या पुढेमागे होतील. पण क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे. पाच वर्षांचे मूल शब्द म्हणते आणि त्यांचा अर्थ त्याला सांगता येत नाही, ही शिकवण्यातली चूक नसून त्या वयाची स्थिती आहे. दहाव्या वर्षीही ते केवळ शब्दच म्हणत असेल, तर मात्र मधल्या काळात घरातून काहीतरी द्यायचे राहून गेले आहे.

भीती नेमकी कुठून शिरते?

भाचीच्या प्रश्नाचे मूळ मुलांच्या विचार करण्याच्या पद्धतीत आहे. जिनिव्हाचे मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी १९३२ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात एक गोष्ट मांडली, जी ते मुलांना सांगत असत. एक मुलगा सफरचंदे चोरतो, पळताना ओढ्यावरच्या कुजक्या पुलावरून जातो, पूल मोडतो आणि तो पाण्यात पडतो. त्याने चोरी केली नसती तरी तो पडला असता का? सहा-सात वर्षांची बहुतेक मुले ‘नसता पडला’ असे सांगत. म्हणजे लाकूड कुजलेले होते, हे कारण त्यांना पुरेसे वाटत नव्हते. चुकीची शिक्षा घटनेतच दडलेली असते, या समजुतीला अभ्यासक ‘अंतर्भूत न्याय’ म्हणतात, आणि मूल वाढते तसतशी ती सैल होत जाते.

आता या समजुतीच्या जोडीला ‘बाप्पा रागावेल’ हे वाक्य ठेवून पाहावे. मोठ्या माणसाच्या कानाला तो लटका धाक वाटतो. सहा वर्षांच्या मुलाला मात्र ती जग कसे चालते याविषयीची पक्की माहिती वाटते, कारण त्याचे मन तसेच जग आधीपासून मानत असते. मग ताप, पडझड, आईबाबांचे भांडण, आजोबांचे दवाखान्यात जाणे, या सगळ्याचे कारण ते स्वतःच्या चुकलेल्या नमस्कारात शोधू लागते, आणि बहुतेक वेळा कोणाला सांगतही नाही.

भीती प्रार्थनेच्या शब्दांतूनही येऊ शकते. इंग्रजी बोलणाऱ्या ख्रिस्ती घरांत मुलांना झोपताना म्हणायला शिकवली जाणारी एक चार ओळींची प्रार्थना अठराव्या शतकापासून चालत आलेली आहे. तिच्या शेवटच्या दोन ओळींचा आशय असा आहे की, मी जागा होण्याआधी मेलो तर देवा, माझा आत्मा तू घे. ज्या काळात बालमृत्यू घरोघरी होत, त्या काळात या ओळी आईबापांना आधार देत असतील. पुढे मात्र अंधारात एकट्याने झोपणाऱ्या मुलांना त्यांची धास्ती वाटते, हे अनेक आईबापांच्या लक्षात आले आणि रात्रभर सांभाळ, सकाळी उजेडात जागे कर, अशा अर्थाच्या ओळी त्या जागी म्हटल्या जाऊ लागल्या. परंपरा मोडली नाही, मुलाला न पेलणारा भाग तेवढा बदलला गेला.

भीती शिरली आहे हे ओळखण्याच्या काही खुणा आहेत. एखादा शब्द चुकला की मूल पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करते, ‘चुकलं तर काय होईल’ असे वारंवार विचारते, एखादा दिवस चुकला तर त्याला झोप लागत नाही. असे क्वचित होत असेल तर धीर देणे पुरते. पण म्हणणे दररोज लांबत चालले असेल आणि त्यात मूल कासावीस होत असेल, तर बालमानसतज्ज्ञांना दाखवावे, कारण तो आता भक्तीचा भाग राहिलेला नसतो.

तीन ते पाच वर्षे: शब्दांच्या आधी हात, दिवा आणि मांडी

या वयात मूल प्रार्थना पाहते आणि तिच्यात अंगाने सामील होते. मुस्लिम परंपरेतील दोन प्रसंग इथे फार बोलके आहेत. प्रेषित मुहंमद आपली नात उमामा हिला कडेवर घेऊन नमाज पढत, सजद्यात जाताना तिला खाली ठेवत आणि उठताना पुन्हा घेत, असे हदीसमध्ये, म्हणजे त्यांच्या उक्ती आणि कृतींच्या संग्रहात, नोंदलेले आहे. दुसऱ्या एका प्रसंगी नातू पाठीवर चढून बसला, तेव्हा त्याचे मन भरेपर्यंत त्यांनी सजदा लांबवला. त्या मुलांना कोणी एक शब्दही म्हणायला सांगितलेले नव्हते. प्रार्थना चालू असताना आपल्याला तिथे जागा आहे, एवढेच त्यांना कळत होते.

गोव्याच्या कॅथलिक घरांत संध्याकाळची प्रार्थना झाली की मुले थोरांपुढे हात जोडून ‘बेसांव’, म्हणजे आशीर्वाद, मागतात. वाडवडिलांकडून आलेल्या या रीतीत लहान मुलाच्या वाट्याला पाठ केलेले काही म्हणून दाखवणे येत नाही, त्याला फक्त डोक्यावर एक हात मिळतो. आपल्याकडे दिवेलागणीला आजीच्या मांडीवर बसून तेवणाऱ्या वातीकडे पाहणे, निरांजनावरून हात फिरवून तो डोळ्यांना लावणे, हे त्याच जातीचे आहे. तीन वर्षांच्या मुलाकडून याहून अधिक मागू नये, आणि ते मधेच उठून गेले तर जाऊ द्यावे.

ज्यूंची पहाटेची एक प्रार्थनाही इथे आठवते. जाग येताच अंथरुणातच म्हणायचे ते हिब्रूतील अवघे बारा शब्द आहेत, आणि त्यांत काहीही मागितलेले नाही, माझा प्राण मला परत दिलास म्हणून आभार आहेत. या ओळीत ईश्वराचे पवित्र नाव येत नाही, म्हणून हात धुण्याआधीही ती म्हणता येते. आपल्या घरांत ‘पारोशाने देवाला शिवू नको’ हे वाक्य मुलाच्या कानावर फार लवकर पडते. स्वच्छतेचा नियम आपल्या जागी ठीक आहे, पण चिकट हातांनीही करता येईल असा एखादा नमस्कार मुलाजवळ असायला हवा, नाहीतर देवाजवळ जाण्याची त्याची पहिली आठवण हटकले जाण्याचीच राहते.

पाच ते सात वर्षे: पाठांतर वाईट नाही, पण त्याचा क्रम उलटा आहे

पाठांतर आणि घोकंपट्टी यांतला फरक एकदा स्पष्ट करून घेऊ. पाठांतरात शब्द आधी येतात आणि त्यांचा अर्थ थोडा थोडा त्यांत भरत जातो. घोकंपट्टीत अर्थ भरण्याचे काम कोणी करतच नाही. तालमुदमध्ये, म्हणजे ज्यूंच्या धर्मचर्चेच्या महाग्रंथात, असे सांगितले आहे की मूल बोलू लागले की पित्याने त्याला ‘शेमा’ या प्रार्थनेची पहिली ओळ शिकवावी. हिब्रूत ती सहा शब्दांची आहे: ऐक हे इस्राएला, प्रभू आपला देव आहे, प्रभू एकच आहे. पूर्ण शेमा त्याहून बरीच मोठी आहे, पण सुरुवात एका ओळीनेच होते. आपल्या कोकणातील मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल समाजात तर अशी परंपरागत आठवण सांगितली जाते की, इतर बरेच विसरले गेले तरी शेमा मात्र पिढ्यान्‌पिढ्या तोंडी टिकून राहिली.

आता आपली शुभंकरोति पाहू. तिचे दोन भाग आहेत. पहिला संस्कृत आहे: शुभं करोति कल्याणम् आरोग्यं धनसंपदा, शत्रुबुद्धिविनाशाय दीपज्योतिर्नमोऽस्तु ते. दुसरा मराठी आहे: दिव्या दिव्या दीपत्कार, कानी कुंडले मोतीहार, दिव्याला पाहून नमस्कार, दिवा लावला देवांपाशी, उजेड पडला तुळशीपाशी, माझा नमस्कार सर्व देवांपाशी. बहुतेक घरांत संस्कृत भाग आधी पाठ करून घेतात, आणि पुष्कळदा मराठी भागापर्यंत पोहोचतच नाहीत. मुलाच्या दृष्टीने हा क्रम उलटा आहे. मराठी ओळींत जे आहे ते सगळे त्याला डोळ्यांनी दिसते: दिवा, त्याच्यापासून तुळशीपर्यंत गेलेला उजेड, जोडलेले हात.

भाचीच्या बाबतीत आम्ही ताप उतरल्यानंतर नव्याने सुरुवात केली ती इथून. पहिले दोन आठवडे फक्त मराठी ओळी. ‘उजेड पडला तुळशीपाशी’ म्हणताना घरातला विजेचा दिवा क्षणभर मालवून निरांजनाचा उजेड खरोखर कुठवर पोहोचतो, ते ती गॅलरीत जाऊन पाहून येई. त्यानंतर संस्कृत ओळ घेतली, आणि आठवड्याला एकच शब्द उलगडला. ‘आरोग्यम्’ हा शब्द तिला लगेच कळला, कारण तापातून ती नुकतीच उठली होती. मग आज कोणाला आरोग्य हवे आहे, असे विचारले की ती शेजारच्या आजींचा दुखरा गुडघा सांगे.

‘शत्रुबुद्धिविनाशाय’ हा शब्द ती ‘शत्रू बुडवी नाशाय’ असा म्हणत होती आणि त्यात कोणीतरी विहिरीत बुडते आहे असे तिला वाटत होते. घोकंपट्टी ओळखायची असेल तर अशा जागी कान द्यावा, किंवा मूल मधल्या शब्दापासून सुरू करू शकते का ते पाहावे. या शब्दात शत्रूच्या नाशाची मागणी नाही, शत्रुबुद्धीच्या, म्हणजे वैर धरणाऱ्या बुद्धीच्या, नाशाची आहे, आणि ती बुद्धी माझीही असू शकते. मुलीला मी इतकेच सांगितले की, “तुला आज वर्गात कोणाचा खूप राग आला होता ना? तो राग दिव्यापाशी ठेवून जायचा.” तिने थोडा विचार करून एका मुलाचे नाव घेतले आणि ‘अर्धा ठेवते’ असे सांगितले. त्या संध्याकाळी अर्धा पुरेसा होता.

सातव्या वर्षानंतर: स्वतःचे बोलणे, आणि न मिळालेले मागणे

सात हे वय अनेक परंपरांत वळणाचे मानलेले दिसते. कॅथलिक चर्चमध्ये पोप दहावे पायस यांनी १९१० साली प्रथम कम्युनियनचे, म्हणजे पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घेण्याचे, वय सुमारे सातपर्यंत खाली आणले, कारण या वयात मुलाला बरे-वाईट समजू लागते. हदीसमध्येही मुलांना सातव्या वर्षी नमाज पढायला सांगावे असे आहे. त्याच हदीसमध्ये पुढे, दहाव्या वर्षीही टाळाटाळ होत असेल तर मारण्याचा उल्लेख आहे, आणि तो लपवण्यात अर्थ नाही. मात्र जे शिक्षक हा भाग जपून वाचतात, ते त्याच्या आधीच्या तीन वर्षांकडे लक्ष वेधतात: दिवसाला पाच या हिशेबाने पाच हजारांहून अधिक वेळा केवळ प्रेमाने आठवण करायची, स्वतः शेजारी उभे राहायचे, आणि प्रत्यक्ष धार्मिक बंधन तर वयात आल्यावरच लागू होते.

या वयात मूल मागू लागते: सायकल, चांगले गुण, सहलीच्या दिवशी पाऊस न पडणे. त्यात ओशाळण्यासारखे काही नाही. कठीण प्रसंग येतो तो मागितलेले न मिळाल्यावर. समजा आठ वर्षांच्या मुलाने दवाखान्यातल्या आजोबांसाठी रोज प्रार्थना केली आणि आजोबा गेले. अशा वेळी तीन उत्तरे चटकन तोंडावर येतात आणि तिन्ही टाळावीत. ‘तू मनापासून केली नसशील’ हे अपराधी करते. ‘देवाला आजोबा हवे होते’ यातून देव माणसे ओढून नेणारा ठरतो, आणि मग उद्या आईही हवी होईल, ही धास्ती मुलाला लागते. ‘जे होतं ते चांगल्यासाठी’ हे त्याच्या रडण्याला जागाच ठेवत नाही. त्यापेक्षा खरे ते सांगावे: “आजोबांचं हृदय खूप थकलं होतं, डॉक्टरांनी खूप प्रयत्न केले. तुझी प्रार्थना कमी पडली म्हणून ते गेले नाहीत. तू रोज त्यांची आठवण काढलीस, हे मला फार आवडलं. देवावर राग आला असेल तर तेही त्याला सांगता येतं.” शेवटचे वाक्य धीट वाटेल, पण विठ्ठलाशी भांडणारी, त्याला बोल लावणारी अभंगांची परंपरा असलेल्या आपल्या भाषेत ते परके नाही.

मागण्याच्या पलीकडे नेण्याची वाट बौद्ध आणि जैन घरांत अगदी लहानपणापासून आहे. महाराष्ट्रातील बौद्ध घरांत मुले त्रिसरण आणि पंचशील म्हणतात, आणि त्यांत कोणाकडे काही मागणे नसून कसे वागायचे याचा स्वतः केलेला संकल्प आहे. जैनांच्या णमोकार मंत्रात कोणा एकाचे नाव नाही आणि याचनाही नाही, फक्त पाच प्रकारच्या पूज्यांना वंदन आहे. पाली साहित्यात बुद्ध आपला मुलगा राहुल याला खोटे न बोलण्याविषयी सांगतात, तेव्हा भांड्यात थोडे पाणी शिल्लक ठेवून ते दाखवतात, मग ओतून टाकतात, मग भांडे पालथे घालतात. पुढे विचारतात, आरसा कशासाठी असतो? पाहण्यासाठी, असे राहुल म्हणतो. तसेच आपल्या कृतीकडे आधी, करताना आणि नंतर पाहावे, असे ते सांगतात. परंपरा राहुलचे वय तेव्हा सात होते असे मानते. झोपण्यापूर्वी ‘आज माझ्या हातून कोणाला दुखलं का?’ हा एक प्रश्न या वयाचे मूल पेलू शकते, मात्र त्याचे उत्तर ऐकून मोठ्यांनी रागवायचे नाही. एकदा जरी रागावलो तरी ते खरे सांगणे बंद करते.

“पण थोडा धाक नको का?”

धाक नसेल तर मुले काहीच करणार नाहीत, ही शंका रास्त आहे. दात घासणे, वेळेवर झोपणे यांसाठी घराचे नियम लागतात, आणि दिवा लावताना पाच मिनिटे टीव्ही बंद राहील, हाही असाच घराचा नियम होऊ शकतो. मात्र तो नियम आईबाबांचा म्हणून सांगावा. ‘टीव्ही आता बंद, असं आपल्या घरात ठरलं आहे’ हे मूल समजू शकते, त्यावर रुसू शकते आणि दुसऱ्या दिवशी विसरूही शकते. तेच देवाच्या नावावर खपवले की रुसायला आणि समजूत काढायला समोर कोणी उरत नाही.

‘आम्हाला कोणी अर्थ सांगितला नव्हता, तरी संस्कार झालेच’ असे आजी-आजोबा म्हणतात, आणि त्यांचे म्हणणे खोटे नाही. पण त्यांच्या लहानपणी अर्थ शब्दांतून न येता आजूबाजूने येत होता. दिवेलागणीला सारे घर एकत्र येई, परवचा होई, कोणी आजारी असेल तर त्याचे नाव निघे. आज आई कामावरून परतायची असते, आजी गावी असते आणि शुभंकरोति मोबाइलवर लागते. सभोवतालचे जे आपोआप मिळत होते, ते आता जाणूनबुजून द्यावे लागते.

आणि मूल ‘आज मला नाही म्हणायचं’ म्हणाले तर? आपण स्वतः दिव्यापाशी उभे राहावे, म्हणावे, आणि त्याला ऐकू द्यावे. तुकोबांनी म्हटले आहे, ‘अर्भकाचे साठी, पंते हातीं धरिली पाटी’. पंतोजींना स्वतःला पाटीची गरज नसते, ती मुलासाठी धरलेली असते. आपले म्हणणे मात्र खरे असावे, कारण मोबाइलवर बोट फिरवत म्हटलेली प्रार्थना मूल बरोबर ओळखते.

परवा शुभंकरोति झाल्यावर भाचीने नेहमीप्रमाणे शेजारच्या आजींच्या गुडघ्याची आठवण काढली आणि मग वळून मला विचारले, “उद्या मी गाडीतच झोपले तर? आम्ही लग्नाला जाणार आहोत.” मी म्हटले, “तर झोप. दिवा घरी मी लावेन.” ती थोडा वेळ वातीकडे पाहत राहिली आणि म्हणाली, “मग माझा नमस्कार पण तूच कर. आजींचा गुडघा विसरू नकोस.”